भाग २३ : किल्ली माझी, घर माझं, मग गुन्हा कसा?

(या भागाचं हे लिखित रूप आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

मागच्या भागात आपण लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवण्याबद्दल बोललो. त्यानंतर आलेल्या बऱ्याच मेलमध्ये एकच प्रश्न होता. मुदत संपली, भाडेकरू जात नाही, मग कुलूप बदलून टाकलं तर काय होतं? आणि भाडेकरूंकडून उलटा प्रश्न होता, मालक आमच्या अपरोक्ष घरात शिरला तर पोलीस त्याला 'सिव्हिल मॅटर' का म्हणतात?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच प्रकरणातून देतो. प्रकरण पुण्यातलं आहे आणि मालक माझेच पक्षकार होते. त्यांच्या परवानगीनेच सांगतोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या प्रकरणात माझीही एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

निवृत्त गृहस्थ. आपण त्यांना काका म्हणू. सिंहगड रोडच्या बाजूला त्यांचा टू बीएचके. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, महिना १८,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००. करार ३० एप्रिलला संपला. राहणारं कुटुंब, म्हणजे नवरा, बायको, एक शाळकरी मुलगी, गेलं नाही. शाळेचं वर्ष, दुसरं घर मिळत नाही, हे नेहमीचं कारण. मार्च आणि एप्रिलचं भाडंही थकलेलं. मे महिन्यात काकांनी मला फोन केला. मी कोर्टाच्या आवारात होतो, घाईत होतो. म्हणालो, "काका, घर तुमचंच आहे, काळजी करू नका. सोमवारी या, अर्ज करू."

सोमवारी काका आले नाहीत. आले ते तीन आठवड्यांनी, रात्री, घाबरून. मधल्या काळात ते कुटुंब लग्नासाठी बार्शीला गेलं होतं. काकांकडे डुप्लिकेट किल्ली होती. त्यांनी एका सुताराला बरोबर घेतलं, दार उघडलं, सामान खोक्यांत भरलं, खोकी पार्किंगमध्ये उतरवली, लॅचचं कुलूप बदललं. टीव्ही आणि मुलीचा लॅपटॉप मात्र स्वतःच्या घरी नेला. का, तर भाडं येईपर्यंत तारण म्हणून. आणि भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅप केलं, "आता कळेल दुसऱ्याच्या घरात फुकट राहिलं की काय होतं ते. परत याल तेव्हा पार्किंगमध्ये झोपा."

कुटुंब परत आलं. ११२ ला फोन झाला, सगळे चौकीत. काकांचं म्हणणं असं, की करार संपलेला माणूस घरात घुसून बसला आहे, अतिक्रमण त्याने केलंय. भाडेकरूचं म्हणणं, काकांनी घर फोडलं. ड्यूटीवरच्या हवालदारांनी एनसी लिहून घेतली आणि सांगितलं, सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.

आता इथे थांबू आणि कायदा काय म्हणतो ते बघू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतलं ४४१ कलम आता ३२९ मध्ये आहे, व्याख्या जवळजवळ तीच. फौजदारीपात्र अतिक्रमण म्हणजे काय? दुसऱ्याच्या ताब्यातल्या मालमत्तेत शिरणं, आणि तेही एखादा गुन्हा करण्याच्या, किंवा ताबा असलेल्याला धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या किंवा त्याला त्रास देण्याच्या उद्देशाने. किंवा आत कायदेशीरपणे शिरून मग त्याच उद्देशाने बेकायदा थांबून राहणं. जागा माणसाच्या राहण्याची असेल तर ते गृह-अतिक्रमण होतं, शिक्षा एक वर्षापर्यंत.

या व्याख्येत 'मालक' हा शब्दच नाही. शब्द आहे 'ताबा'. सगळा गोंधळ इथून सुरू होतो. आपल्या डोक्यात सातबारा असतो, इंडेक्स टू असतो, शेअर सर्टिफिकेट असतं. कलमाला त्यातलं काहीच नको असतं. त्या दिवशी त्या घरात प्रत्यक्ष कोण राहत होतं, कुणाचे कपडे कपाटात होते, गॅस कुणाच्या नावावर येत होता, दाराला कुलूप लावून कोण बाहेरगावी गेलं होतं, हे बघितलं जातं.

काकांनी मला करारातलं कलम दाखवलं. त्यात लिहिलेलं, "जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील." हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक लीव्ह अँड लायसन्स करारात असतं. त्याचा उपयोग आहे, राहणाऱ्याला भाडेपट्ट्याचा हक्क मिळू नये म्हणून ते घातलेलं असतं. पण फौजदारी कलमात जो ताबा बघतात तो प्रत्यक्ष ताबा. त्या वाक्याने कपाटातले कपडे काकांचे होत नाहीत.

आणि मुदत संपली म्हणून ताबा आपोआप मालकाकडे येत नाही. कृष्ण राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. स्थिर ताबा असलेल्या माणसाला तिथे राहण्याचा हक्क उरलेला नाही असं गृहीत धरलं, तरी मालकाला त्याला कायद्याच्या मार्गानेच काढावं लागतं. ते प्रकरणही परवान्यावर दिलेल्या जागेचंच होतं.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्या दिवशी ताबा भाडेकरूचा होता. मग काकांचा उलटा आरोप, की भाडेकरूच अतिक्रमण करतोय, त्याचं काय? व्याख्येचा दुसरा भाग आहे ना, कायदेशीर शिरून बेकायदा राहणं.

त्याचं उत्तर कंवल सूद विरुद्ध नवल किशोर या निकालात आहे. एक बाई घरमालकाच्या परवानगीने घरात राहत होत्या. मालकाने ते घर एका आश्रमाला दान दिलं होतं. मालक वारल्यावर बाईंना घर सोडायला सांगितलं, त्या गेल्या नाहीत, म्हणून त्यांच्यावर फौजदारी तक्रार. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. राहण्याची परवानगी संपली असेल तर दिवाणी जबाबदारी येईल, पण नुसतं राहिल्याने गुन्हा होत नाही, धाक घालण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा उद्देश दिसला पाहिजे. आपल्या प्रकरणातला भाडेकरू मुलीच्या शाळेसाठी राहिला होता, चूक असेल, पण काकांना छळायला राहिला नव्हता. भाडं थकवणं हाही गुन्हा नाही. नीतू सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, २०२२, सर्वोच्च न्यायालयाने भाडं न दिल्याबद्दलचा एफआयआर याच कारणाने रद्द केला. तेव्हा हवालदारसाहेबांचं 'सिव्हिल मॅटर' हे भाडेकरूच्या बाबतीत बरोबर होतं.

पण तेच उत्तर काकांच्या बाबतीत बरोबर होतं का? इथे उद्देशाचा मुद्दा येतो, आणि तो जरा सावकाश समजून घेऊ, कारण यात मालकाची बाजूही खरी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने माथ्री विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात म्हटलं, की शिरल्यामुळे समोरच्याला त्रास होणारच होता, हे दाखवणं पुरेसं नाही. त्रास देणं हाच शिरण्याचा हेतू होता, हे न्यायालयाला पटलं पाहिजे. त्या प्रकरणात काही लोक कोर्टाच्या वॉरंटच्या आधारे जमिनीचा ताबा घ्यायला गेले होते, वॉरंटची मुदत मात्र उलटली होती. त्यांचा हेतू ताबा मिळवण्याचा होता, छळण्याचा नव्हता, म्हणून ते फौजदारीपात्र अतिक्रमण ठरलं नाही.

म्हणजे काकांचा वकील म्हणून माझा पहिला युक्तिवाद तयार होता. काकांना घर हवं होतं, बस. त्रास हा परिणाम, हेतू नव्हे. खालच्या मजल्यावर पाणी गळतंय, भाडेकरू फोन उचलत नाही, म्हणून मालक सोसायटीच्या सेक्रेटरीला बरोबर घेऊन किल्लीने दार उघडतो, नळ बंद करतो आणि परत कुलूप लावतो, तिथे हा युक्तिवाद चालतो. दोन-तीन महिने घर बंद, सामान नाही, शेजारी सांगतात ते सोडून गेले, तिथेही चालतो.

पण काकांचा तो मेसेज? "आता कळेल." "पार्किंगमध्ये झोपा." हेतू माणसाच्या डोक्यात असतो, न्यायालयाला तो बाहेरच्या गोष्टींवरून वाचावा लागतो. कुटुंब बाहेरगावी जाण्याची वाट बघितली, आधी नोटीस नाही, आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलेला मेसेज. शिवाय टीव्ही आणि लॅपटॉप. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलून वसुलीसाठी अडकवून ठेवली तर चोरीचं कलम लागू शकतं. वस्तू विकायची नव्हती, हा बचाव पुरत नाही. आणि आत शिरतानाच ते न्यायचं ठरलेलं असेल, तर 'गुन्हा करण्याच्या उद्देशाने' ही व्याख्येतली पहिलीच अट पूर्ण होते. मग त्रासाचा हेतू वेगळा सिद्ध करायचीही गरज राहत नाही.

आता राहिली किल्ली. काका म्हणत होते, "मी काही फोडलं नाही हो. दार मोडलं नाही, किल्लीने उघडलं." हे मी फार जणांकडून ऐकतो. घरफोडी म्हटलं की आपल्याला पहार आणि तुटलेली कडी दिसते. कायद्यात तसं नाही. संहितेच्या ३३० कलमात घरफोडीचे सहा प्रकार दिले आहेत. भिंतीला भोक पाडणं त्यात आहे, भिंत चढून जाणं आहे, आणि गृह-अतिक्रमण करण्यासाठी कुठलंही कुलूप उघडणं, हेही आहे. फोडणं नव्हे, उघडणं. कायद्यानेच एक उदाहरण दिलंय, १८६० च्या दंड संहितेपासून चालत आलेलं. एखाद्याची हरवलेली किल्ली दुसऱ्याला सापडते, तो त्या किल्लीने दार उघडून गृह-अतिक्रमण करतो, तर ती घरफोडी आहे. किल्लीचा मालक कोण, ती कशी मिळाली, यापेक्षा ती कशासाठी वापरली याला महत्त्व. डुप्लिकेट किल्ली तुमच्याकडे असणं गैर नाही. पण आतला हेतू गुन्ह्याचा असेल तर तीच किल्ली साध्या अतिक्रमणाची घरफोडी करते.

फरक कागदावर लहान दिसतो. साध्या गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत, जामीनपात्र. घरफोडीला, कलम ३३१ खाली, दोन वर्षांपर्यंत, आणि ती अजामीनपात्र. निवृत्त माणसाला शुक्रवारी रात्री अटक होण्याची शक्यता निर्माण होते ती या एका किल्लीमुळे. आणखी एक, साधं अतिक्रमण तक्रारदाराशी तडजोड करून मिटवता येतं. घरफोडीचं कलम तसं मिटत नाही, दोघांची दिलजमाई झाली तरी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

आमच्या प्रकरणात भाडेकरू दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार, मेसेजचा स्क्रीनशॉट, पार्किंगमधल्या खोक्यांचे फोटो आणि शेजाऱ्याचं नाव घेऊन परत गेला. वरिष्ठ निरीक्षकांनी मेसेज वाचला आणि एफआयआर नोंदवला. गृह-अतिक्रमण, घरफोडी, चोरी. काका माझ्याकडे आले ते त्या रात्री.

मी अटकपूर्व जामिनाचा अर्ज केला. टीव्ही आणि लॅपटॉप पंचनामा करून पोलिसांत जमा केले. नव्या कुलपाची किल्ली भाडेकरूला परत दिली. मग वाटाघाटी. भाडेकरूने सहा आठवड्यांत घर सोडायचं कबूल केलं, काकांनी चार महिन्यांचं भाडं सोडलं आणि अख्खं डिपॉझिट परत दिलं. नंतर दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यायला गेलो. हिशेब करा, ७२,००० रुपये भाडं गेलं, वकील आणि फेऱ्या वेगळ्या.

आता सरळ रस्त्याने गेले असते तर काय झालं असतं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २४. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली आणि राहणारा गेला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. लेखी करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे मुदत कधी संपली यावर वाद घालायला जागा राहत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. आणि मुदत संपल्यापासून घर सोडेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई. काकांच्या बाबतीत १ मे पासून महिना ३६,००० रुपये. हा अर्ज लगेच निकाली निघतो असं मी म्हणणार नाही, तारखा पडतात. पण प्रत्येक तारखेला मीटर दुपटीने चालू असतं, आणि नुसतं हे आकडे लिहिलेली नोटीस गेली तरी कित्येक भाडेकरू दुसरं घर शोधायला लागतात. करार नोंदवलेला असणं मात्र हवं, ते मागच्या भागात झालंच आहे.

दोन गोष्टी राहिल्या, त्या श्रोत्यांनीच विचारल्या आहेत.

एक. मालक आत शिरलाच नाही, नुसतं बाहेरून स्वतःचं कुलूप ठोकलं, किंवा वीज-पाणी तोडलं, तर? शिरणं नाही, म्हणून अतिक्रमण नाही. पण सुटकाही नाही. राहत्या माणसाला स्वतःच्या घरात जाण्यापासून अडवलं म्हणून गैरनिरोधाची तक्रार होऊ शकते. आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या २९ कलमात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई या आवश्यक सेवा तोडायला किंवा रोखायला मालकाला मनाई आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकाला घर बघायचं असेल तर २८ कलम आहे. आधी नोटीस देऊन, योग्य वेळी, पाहणी करता येते.

दोन. मग भाडेकरू कधीच गुन्हेगार ठरत नाही का? ठरतो. प्राधिकाऱ्याचा आदेश झाला, बेलिफ आला, पंचनामा करून घर रिकामं केलं, किल्ली मालकाच्या हातात दिली. त्या क्षणी ताबा बदलला. त्यानंतर दोन दिवसांनी जुना भाडेकरू येऊन, मालकाला धमकावत, नवं कुलूप तोडून आत जाऊन बसला, तर आता दुसऱ्याच्या ताब्यात शिरणारा तो आहे. तिथे मी मालकाला सांगेन, थेट एफआयआर करा, आणि कोणी 'सिव्हिल मॅटर' म्हणालं तर बेलिफचा पंचनामा टेबलावर ठेवा. तसंच, स्वतःहून घर सोडून, किल्ली देऊन, डिपॉझिट घेऊन गेलेला भाडेकरू परत जबरदस्तीने शिरला तरी तेच. म्हणून मी मालकांना सांगतो, किल्ली परत घेताना एक ओळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. ताबा कोणत्या तारखेला, किती वाजता बदलला, हे त्या ओळीवरून कळतं.

आणि ज्या भाडेकरूला बाहेर काढलंय, त्याच्यासाठी. कुलपाशी झटापट करू नका. ११२ ला फोन करा, दाराचा आणि सामानाचा व्हिडिओ काढा, शेजाऱ्याला बोलवा. वीजबिल, गॅसची पावती, मुलीच्या शाळेच्या पत्त्याचा कागद जवळ ठेवा, कारण सिद्ध करायचाय तो ताबा. चौकीत फक्त "घरातून काढलं" असं सांगू नका. कधी शिरले, कुलूप कसं उघडलं, काय नेलं, काय बोलले किंवा लिहिलं, हे क्रमाने लेखी द्या. एफआयआर घेतला नाही तर पोलीस अधीक्षक, शहरात उपायुक्त, यांना लेखी, आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. गुन्ह्याचं काहीही होवो, ताबा परत हवा असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाखाली दावा करता येतो. काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि घराचा मालक कोण हा प्रश्न तिथे येत नाही. सहा महिने उलटले की हा रस्ता बंद.

शेवटी माझ्या चुकीबद्दल. उच्च न्यायालयातलं काम झाल्यावर काका मला म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना, घर तुमचंच आहे." मी म्हणालो होतो. वाक्य खोटं नव्हतं, पण त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. त्यांना विचारायचं होतं, मी आत जाऊ का. मला म्हणायला हवं होतं, घर तुमचं आहे, पण आज ताबा त्याचा आहे, दाराला हात लावू नका. एवढं बोलायला दहा सेकंद लागली असती. तेव्हापासून भाडेकरूचा फोन आला की मी पहिलं वाक्य हेच बोलतो, आणि मालकाचा आला की दुसरा प्रश्न विचारतो, डुप्लिकेट किल्ली कुणाकडे आहे?

पुढच्या भागात डिपॉझिट परत न देणाऱ्या मालकांबद्दल बोलू. तुमचे प्रश्न पाठवत राहा. तुमच्या करारातली मुदत संपायला आली असेल, तर नोटीस आजच काढा, मुदत संपल्यावर नको. भेटू. नमस्कार.